सातवीतली काही मुले अजून अडखळत वाचतात. एकच छोटा उतारा पुन्हा पुन्हा वाचून घेण्याचा तास कसा आखावा? मुले तो उतारा पाठच करणार नाहीत का?

मुले उतारा पाठ करतील हा आक्षेप मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे, त्यामुळे आखणीच्या आधी त्याचाच निकाल लावतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत भाषा शिकवत असताना सातवीतला एक मुलगा आपल्या पाठ्यपुस्तकातील नव्वद शब्दांच्या उताऱ्यात अकरा चुका करत असे. दहा शब्दांमागे एकाहून अधिक चूक होत असेल, तर तो उतारा सरावाला घेण्यात अर्थ नसतो, कारण पुनर्वाचनात मग चुकांचाच सराव होतो. म्हणून मी चौथीच्या पातळीचा, बैलबाजारावरचा ऐंशी शब्दांचा उतारा लिहून काढला. पहिल्या वाचनाला त्याला दोन मिनिटे लागली, म्हणजे मिनिटाला चाळीस शब्द, आणि पाच चुका झाल्या. त्यानंतर मी तोच उतारा त्याच्या बोटाच्या गतीने एकदा वाचून दाखवला आणि ‘व्यापाऱ्याने / दावणीला बांधलेल्या बैलाकडे / निरखून पाहिले’ अशा पद्धतीने पेन्सिलीने तिरक्या रेघा मारून शब्दांचे गट पाडले. त्याने जोडीदारासमोर दोनदा वाचले आणि चौथे वाचन पुन्हा घड्याळ लावून घेतले, तेव्हा सव्वा मिनिट लागले.

नेमके त्याच दिवशी भेटीला आलेले एक अधिकारी ते पाहून म्हणाले, “गुरुजी, ही तर पोपटपंची झाली.” मी वाद घातला नाही. उताऱ्यातील ‘व्यापाऱ्याने’, ‘दावणीला’, ‘रस्त्याच्या’ असे शब्द उलटसुलट क्रमाने फळ्यावर लिहिले आणि मुलाने ते न अडखळता वाचले. मग ज्यात यांपैकी बहुतेक शब्द आहेत, पण प्रसंग वेगळा आहे, असा ऐंशी शब्दांचा दुसरा उतारा त्याच्यासमोर ठेवला. तो त्याने प्रथमच पाहिला होता, तरी शहाण्णव सेकंदांत, म्हणजे मिनिटाला पन्नास शब्दांच्या गतीने, वाचून काढला. पाठांतर असते तर पहिल्या उताऱ्यातील वाढ दुसऱ्यात उतरली नसती. साहेबांनी शेरेबुकात ‘नवनवीन साहित्य वापरावे’ असे लिहिले, ते वाचून आजही माझे डोके तापते. नवीन साहित्य मी वापरतच होतो, फक्त ते जुन्या शब्दांचे होते, आणि पुनर्वाचनाच्या आखणीतील खरी मेहनत तीच आहे.

ही पद्धत माझी नाही. अमेरिकेतील एस. जे. सॅम्युएल्स यांनी ती १९७९ साली मांडली. ५० ते २०० शब्दांचे उतारे घ्यावेत आणि मिनिटाला ८५ शब्दांची गती आली की पुढच्या उताऱ्याकडे वळावे, असे ते सांगत. हा आकडा मराठीला जसाच्या तसा लावू नका. ‘शेतकऱ्यांकडून’ हा आपला एकच शब्द आहे, पण त्यात जोडाक्षर, अनुस्वार आणि प्रत्यय असे सगळे एकत्र आले आहे. निपुण भारत अभियानाने तिसरीअखेर मिनिटाला ६० शब्दांचे लक्ष्य ठेवले आहे. सातवीतील मागे पडलेल्या मुलासाठीही मी आधी तेवढेच धरतो, आणि तेही अर्थासह.

चुका मोजताना मुलाने स्वतःहून सुधारलेला शब्द चूक धरू नका, आणि ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणाऱ्याला तर अजिबात टोकू नका, कारण ती त्याची बोली आहे. मूल अडले तर तीन सेकंद थांबा, शब्द सांगा आणि ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावा. घड्याळाच्या नादात मुले शब्दांची शेपटे गिळतात आणि ‘झाडाखाली’चे नुसते ‘झाडा’ होते. चुका प्रत्ययांवर साचू लागल्या की घड्याळ बाजूला ठेवावे आणि दुसऱ्या वाचनानंतर ‘बैल कोणी विकला, कोणाला विकला’ असे विभक्तीवर बोट ठेवणारे प्रश्न विचारावेत.

हे सगळे वीस मिनिटांत बसते. संपूर्ण वर्गाला ओळीने एकेक परिच्छेद वाचायला लावण्याची आपली जुनी रीत मला निरुपयोगी वाटते. पस्तीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम मिनिटभर येते आणि अडखळणारा मुलगा तेवढ्यात फक्त लाजतो.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. ज्या मुलाला काना-मात्रा, वेलांटी किंवा रफारच ओळखता येत नाही, त्याला या तासाला बसवू नका. जोडाक्षरांचे दहा सुटे शब्द वाचून घ्या. त्यांपैकी निम्म्यांवर मूल अडले, तर उताऱ्याआधी अक्षरगटांचेच काम करावे लागेल.