लिंक सुरक्षित, फाइल मात्र टेलिग्रामवर

प्रश्न: पहिली-दुसरीच्या गणिताच्या वर्कशीट्स मी स्वतः तयार करून वेबसाइटवर विकते. पैसे भरल्यावर ४८ तास चालणारी लिंक जाते आणि पीडीएफच्या प्रत्येक पानाच्या तळाशी ग्राहकाचा ईमेल छापून येतो. तोच संच आता एका टेलिग्राम चॅनेलवर फुकट मिळतोय. तळाची पट्टी कापली आहे, पण एका पानावर राहून गेली. ती ग्राहक शिक्षिका आहे. म्हणते, शिक्षकांना कायद्यात सूट आहे. काय करू?

उत्तर: सूट आहे, पण शिकवण्यापुरती. कॉपीराइट कायदा, १९५७ मधले कलम ५२(१)(आय) शिक्षकाला शिकवताना लागणाऱ्या प्रती काढू देते, आणि दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्स दुकानाच्या खटल्यात २०१६ साली तिथल्या उच्च न्यायालयाने या सवलतीचा अर्थ बराच सैल लावला. बाईंनी फक्त आपल्या वर्गासाठी झेरॉक्स काढल्या असत्या, तर मी तुम्हाला भांडू नका म्हटले असते. अनोळखी लोकांसाठी अख्खा संच चॅनेलवर टाकणे मात्र त्यात बसत नाही.

पण संच टाकला बाईंनीच, हे ईमेलवरून ठरत नाही. फाइल त्यांच्या ऑर्डरमधली आहे, एवढेच त्यातून कळते. शाळेच्या ग्रुपवर पाठवली आणि तिथून कुणी उचलली, असेही होते. म्हणून त्यांना पहिली नोटीस आरोपाची नको. फाइल कुणाकुणाला दिली, हे लेखी विचारा.

कापलेल्या पट्टीचे प्रकरण नाजूक आहे. हक्कांची माहिती जाणूनबुजून पुसणाऱ्याला कलम ६५बी खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र कलम २ मधली व्याख्या वापरकर्त्याची ओळख पटवण्याची युक्ती त्यातून स्पष्टपणे वगळते. म्हणजे नुसता ग्राहकाचा ईमेल कापला, तर हे कलम लागत नाही! त्याच पट्टीत तुमचे नाव आणि 'एका शिक्षकाच्या वर्गापुरता वापर' अशी अट असेल, तर ती कापणे या कलमात येऊ शकते. मूळ फाइल उघडून आधी हे पाहा. नसेल, तर यापुढच्या प्रतींवर दोन्ही छापा. ४८ तासांच्या लिंकचा इथे उपयोग नाही, कारण कुलूप कुणी तोडलेच नाही.

आता क्रम. चॅनेलचे नाव, प्रत्येक मेसेजची लिंक आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, तिथली फाइल उतरवून न बदलता ठेवा. कोर्टात हा पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा अक्षर-अंकांचा ठसा, द्यावी लागते. मगच `dmca@telegram.org` वर तक्रार करा. 'माझे साहित्य चोरीला गेले' असे मोघम लिहू नका, एकेका मेसेजची लिंक द्या.

चॅनेल चालवणारा सापडत नसेल, तर दावा हा मार्ग आहे. कलम ६२ मुळे तो तुमच्याच जिल्हा न्यायालयात लावता येतो, कॉपीराइटची नोंदणी नसली तरी. कोचिंगच्या नोट्स अशाच फिरल्या तेव्हा २०२२ साली दिल्ली उच्च न्यायालयाने टेलिग्रामला चॅनेलचालकांचे मोबाइल नंबर आणि आयपी पत्ते द्यायला लावले होते. मात्र वकिलाची फी आणि बुडालेली विक्री यांचा हिशेब आधी मांडा. संच दोन-तीनशे रुपयांचा आणि चॅनेल लहान असेल, तर तक्रार आणि बाईंना नोटीस एवढ्यावरच थांबा.