चारचौघांतली थट्टा आणि दुसऱ्या दिवशीचं बोलणं

पॉटलकला आठ-दहा घरं जमलेली असतात आणि नवरा पुन्हा तीच गोष्ट काढतो: बायको ड्रायव्हिंग टेस्टमध्ये कशी दोनदा नापास झाली. सगळे हसतात, तीही हसते आणि आतून ओशाळते. परदेशात दर शनिवार-रविवारी भेटणारी घरं तीच असतात, त्यामुळे असा शिक्का लवकर पुसला जात नाही. (बायकोने नवऱ्याच्या पगारावरून केलेली थट्टाही तितकीच लागते.)

भांडण बहुतेक वेळा परतीच्या वाटेवर गाडीतच पेटतं. दोघं दमलेली, मुलं मागच्या सीटवर, आणि मधेच उठून जायची सोय नाही. म्हणून त्या रात्री एवढंच म्हणावं, "मला एक बोलायचंय, उद्या चहाच्या वेळी बोलू." मात्र आठवडाभर थांबू नये, कारण तोवर त्याला प्रसंगच आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी एकाच प्रसंगाबद्दल बोलावं: "काल जेवताना माझ्या टेस्टची गोष्ट निघाली. सगळे हसले तेव्हा मला फार कानकोंडं झालं. ती गोष्ट लोकांसमोर काढू नकोस." काय झालं, काय वाटलं, काय हवंय, एवढं पुरतं. "तू नेहमीच असं करतोस" म्हटलं की तो न केल्याचे दाखले शोधू लागतो. "तुझ्या आईलाही हीच सवय" म्हटलं, तर मूळ विषय संपलाच!

यावर ठरलेलं उत्तर येतं: "अगं, गंमत केली. तुला विनोदच कळत नाही." हे दर वेळी कांगावा म्हणून येतं असं नाही. थट्टा करणाऱ्याला आपला हेतू आतून माहीत असतो, त्यामुळे ती आहे त्याहून सौम्य वाटते. 2006 साली मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रूगर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात हेच दिसलं होतं. म्हणून हेतूवर वाद घालू नये. "तू गमतीत म्हणालास हे मला पटतं. तरी मला लागलं," असं म्हणून विनंती एकदाच पुन्हा सांगावी. गोष्ट विनोदी होती का, या चर्चेत शिरलात तर तासभर जातो आणि हाती काही लागत नाही. आवाज चढू लागला, छाती धडधडू लागली, तर निदान वीस मिनिटं थांबून मगच पुन्हा बसावं.

कुठली थट्टा चालेल हेही सांगून टाकावं. माझ्या विसराळूपणावर हस, पण इंग्रजी, ड्रायव्हिंग आणि माहेर नको, इतकं स्पष्ट. नाहीतर तो अंदाज बांधत बसतो, किंवा रुसून "आता मी बोलतच नाही" म्हणतो.

सवय एका दिवसात जात नाही. पुन्हा तसं झालं तर तिथल्या तिथे टोला परतवू नये. शांतपणे "ती गोष्ट नको रे" म्हणून विषय बदलावा. पण स्पष्ट सांगूनही तो मुद्दाम तेच करत राहिला, किंवा थट्टेच्या जोडीला पैसे अडवणं, पासपोर्ट ताब्यात ठेवणं, व्हिसावरून धमकावणं असेल, तर वरचे उपाय तिथे लागू नाहीत. अशा वेळी त्या देशातल्या घरगुती हिंसाचाराच्या हेल्पलाइनला, त्याला तपासता येणार नाही अशा फोनवरून, फोन करावा.