३८.६ म्हणजे किती ताप?

बाळ ८ महिन्यांचं आहे, थर्मामीटर ३८.६ दाखवतोय. किती ताप झाला हा? रात्रीच दवाखान्यात न्यावं का?

थर्मामीटर सेल्सिअसवर आहे. आकड्याला १.८ ने गुणून ३२ मिळवा: ६९.५ अधिक ३२, म्हणजे साधारण १०१.५ फॅरनहाइट. काखेत मोजला असेल तर आतला ताप थोडा जास्तच धरा. पण आकड्यापेक्षा बाळाकडे बघा. दूध पीत असेल, तुमच्याकडे बघून हसत असेल, तर सकाळी नेलं तरी चालेल. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडतोय, हलवूनही नीट जागं होत नाही, झटका आला किंवा ८ तास लंगोट कोरडाच आहे, तर आत्ताच निघा. (तीन महिन्यांच्या आतलं असतं, तर ३८ लाच, म्हणजे १००.४ फॅरनहाइटला, लगेच न्या म्हटलं असतं.)