फोटोवरची कमेंट आधी मूळ फाइलवर तपासा

प्रश्न : मी पक्ष्यांचे फोटो काढतो आणि हौशी लोकांच्या ग्रुपवर टाकतो. 'सॉफ्ट आहे', 'मजा नाही आली', 'डिलीट मारा' असलं काहीबाही लिहून येतं. यातलं मनावर काय घ्यायचं आणि सोडायचं काय?

माझ्यावरची एक वेळ सांगते. भिगवणला, उजनीच्या फुगवट्यात, सकाळच्या कोवळ्या उन्हात होडीतून शेकाट्याचा फोटो काढला होता. लांब गुलाबी पाय, पाण्यात पूर्ण प्रतिबिंब. मी जाम खूश. ग्रुपवर टाकला तर पहिलीच कमेंट : 'कॅमेरा विका आणि दुर्बीण घ्या.' खाली दोघांनी लिहिलं, 'सॉफ्ट वाटतोय.' आणखी एकाने, 'काहीतरी खटकतंय.' बाकी सगळे अंगठे आणि 'मस्त क्लिक'.

दुर्बीणवाल्याचा राग आला, पण तोही बहुधा तेच म्हणत होता जे इतर दोघे म्हणत होते. न विचारता तिघांचं बोट एकाच जागी पडलं तर मी मूळ फाइल उघडते. ग्रुपवरची नाही, कारण ती लहान होऊन आणि दाबली जाऊन आलेली असते. कधी कधी सगळा सॉफ्टपणा तिथलाच निघतो. मूळ फाइल कॉम्प्युटरवर १०० टक्क्यांवर नेऊन आधी पक्ष्याचा डोळा बघायचा.

डोळा धूसर, पण पुढचं गवत किंवा मागचा चिखल कोरीव दिसतोय? मग फोकस चुकला. डोळा स्वच्छ आणि फक्त पंख पुसट? मग पक्षी हलला. सगळं थरथरल्यासारखं आणि लागोपाठच्या फ्रेममध्ये वेगवेगळं वेडंवाकडं? मग तापलेल्या पाण्यावरची हवा आड आली. तिथे लेन्सचा दोष नसतो, लवकर जाणं आणि जवळ जाणं एवढंच हातात असतं.

माझ्या फोटोत यातलं काहीच नव्हतं. चोचीवरचा पाण्याचा थेंब चमकत होता, पण तो ठिपका नव्हता, छोटी उभी रेघ होती. मागच्या पाण्यातला प्रत्येक चमचमता ठिपकासुद्धा तशीच, त्याच दिशेची उभी रेघ. म्हणजे पक्षी नाही, मी हलले होते. होडीचं इंजिन सुरूच होतं, लेन्स ४०० मिमी आणि शटर १/३२०. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन इंजिनाची थरथर पुरती आवरेल असं मी गृहीत धरलं होतं, ते चुकलं. 'सॉफ्ट' या एका शब्दामागे इतकी वेगळी कारणं असतात. कारण सापडेपर्यंत त्या शब्दावर काही करता येत नाही, आणि शार्पनिंगचा स्लायडर ओढून तर नाहीच. रेघेची कड फक्त जाड होते.

आता 'काहीतरी खटकतंय'. अशाला मी 'काय चुकलं?' विचारत नाही, त्यावर लोक उगाच शाळा घेतात. मी विचारलं, 'फोटो उघडल्यावर नजर आधी कुठे गेली?' उत्तर आलं, 'उजवीकडच्या थर्माकोलवर.' मच्छीमारांच्या जाळ्याचा तरंगता तुकडा होता तो. तीनदा फोटो बघून मला दिसलाच नव्हता! स्क्रीनवर त्यावर अंगठा ठेवून पाहिलं आणि शेकाट्या लगेच पुढे आला. म्हणजे तक्रार खरी. पण पुढे त्यांनी 'उजवीकडून आणि खालून क्रॉप करा' असंही सांगितलं होतं. तसं केलं तर प्रतिबिंबाची मान कापली जात होती. मग फक्त उजवीकडून कापला. खटकतंय कुठे हे बघणाऱ्याला बरोबर कळतं, उपाय मात्र त्याच्या स्वतःच्या सवयीचा असतो. म्हणून या दोन गोष्टी मी वेगळ्या धरते.

'शेकाट्यांचे किती फोटो टाकणार?' यावर काहीच करायचं नाही. ती आवड झाली. 'मजा नाही आली' म्हणणाऱ्यालाही नजरेचा तोच प्रश्न एकदा विचारते. उत्तर आलं नाही तर विषय संपला. रोज नुसतं टोचणारा असेल तर म्यूट करते, सरळ.

आणि फोटोखाली शटर, अॅपर्चर, आयएसओ आणि होडीतून की किनाऱ्यावरून हे लिहीत जा. मी तेव्हा लिहिलं असतं तर कोणीतरी 'इंजिन बंद करायला सांगा' एवढंच म्हणाला असता.

पुढच्या खेपेला होडीवाल्या दादांना इंजिन बंद करायला लावलं, शटर १/१६०० ठेवलं आणि उजेड तेवढाच असल्याने आयएसओ २०० वरून १००० वर नेला. थेंब ठिपक्यासारखा आला. दुर्बीणवाले परत हजर : 'नॉईज फार आहे.' होता, सावलीत दिसतही होता. तो फोटो मी तसाच ठेवलाय.