संध्याकाळची खवखव वेगळी, सकाळची वेगळी

«घाटकोपरहून मरोळला रोज स्कूटरने जातो. जाऊन-येऊन दीड तास. तोंडाला रुमाल बांधतो. शेजारची सोसायटी पुनर्विकासाला गेली आहे. दोन महिने घसा खवखवतोय, ताप नाही. मिठाच्या गुळण्या करतो, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. काय चुकतंय?»

आधी घसा नेमका कधी खवखवतो ते बघा. संध्याकाळी घरी आल्यावर जळजळ होते आणि रात्रीपर्यंत उतरते, की सकाळी उठल्या उठल्या खाकरावं लागतं? पहिलं असेल तर रस्ता, दुसरं असेल तर घर किंवा नाक. दोन्ही असू शकतं, पण उपाय वेगळे आहेत.

ताडून बघायला तुमच्या हाताशी सोपी सोय आहे. घाटकोपर ते मरोळ नाका थेट मेट्रो आहे, तीही तुमच्याच रस्त्याच्या डोक्यावरून. सोमवार ते गुरुवार चार दिवस मेट्रोने जा, घरात काहीच बदलू नका. संध्याकाळची जळजळ गेली आणि सकाळचं खाकरणं तसंच राहिलं, तर हिशेब उलगडला.

आता रुमाल. असल्फा-साकीनाक्याच्या कोंडीत रुमालाने मोठी धूळ, केस, कचरा अडतो. डिझेलच्या धुराचे कण इतके बारीक असतात की ते विणीतून आरपार जातात, आणि उरलेली हवा गालाच्या कडेने आत येते. त्यातून रुमालाआड गुदमरल्यासारखं झालं की माणूस नकळत तोंडाने श्वास घेऊ लागतो. मोठी धूळ अडवायची, हवा ओलसर करायची हे काम नाकाचं. तोंड उघडलं की तीच धूळ कोरड्या हवेसकट थेट घशाच्या मागच्या भिंतीवर बसते. सिग्नलला उभे असताना स्वतःकडे लक्ष द्या: ओठ मिटलेले आहेत का?

रुमालाऐवजी एन-95 घ्या, पण कानात अडकवायचा नको, डोक्यामागून दोन पट्टे जाणारा घ्या. एक पट्टा मानेवर, दुसरा डोक्याच्या वरच्या मागच्या भागावर. नाकावरची पट्टी चिमटीत धरून दाबू नका, मध्ये घडी पडते आणि तिथूनच हवा गळते. दोन्ही हातांची बोटं मधून बाहेरच्या बाजूला दाबत न्या. मग तळवे मास्कवर ठेवून जोरात उच्छ्वास सोडा. डोळ्यांकडे झुळूक आली तर पट्टी सैल आहे, गालाकडे आली तर पट्टे. हेल्मेट चढवताना मास्क हमखास सरकतो, म्हणून ही तपासणी हेल्मेट घातल्यावर पुन्हा करा. दाढी असेल तर कुठलाच मास्क नीट बसत नाही, हे दुकानदार सांगत नाही.

मास्क धुवायचा नाही. बारीक कण अडवणारा त्यातला विद्युतभार पाण्या-साबणाने जातो आणि उरतं ते फक्त कापड. घरी आल्यावर कागदी पिशवीत वाळत ठेवा. पट्टे सैल झाले, आत ओल राहिली किंवा श्वास जड जायला लागला की बदला. एक मर्यादा मात्र आहे: कण अडतात, वायू अडत नाहीत. त्यामुळे डंपर किंवा टँकरच्या मागे चिकटून उभं राहू नका. एका गाडीचं अंतर सोडून थोडं बाजूला थांबलात तरी धुराचा थेट झोत चुकतो.

गुळण्यांबद्दल. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ बस झालं. जास्त मिठाने घसा उलट कोरडा पडतो, आणि कढत पाण्याने आधीच सुजलेली त्वचा भाजते. पण गुळणी पडजिभेच्या आसपासच पोचते, नाकाच्या मागे नाही. तिथे धुळीने चिडलेलं अस्तर शेंबूड तयार करत राहतं, तो रात्रभर घशात उतरतो आणि सकाळी तुम्ही खाकरता. तेवढ्यापुरतं बरं वाटण्याचं कारण बहुधा हेच.

यासाठी नाक धुवा. पाणी उकळून कोमट होऊ द्या. नळाचं किंवा फिल्टरचं थेट वापरू नका, नाकातून जाणाऱ्या पाण्यात क्वचित धोकादायक जंतू असू शकतात. 250 मिलीला अर्धा चहाचा चमचा मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा. बेसिनवर वाकून डोकं एका बाजूला कलतं करा, तोंड उघडून तोंडाने श्वास घ्या आणि वरच्या नाकपुडीत जलनेतीच्या भांड्याने हळू पाणी सोडा. ते खालच्या नाकपुडीतून येतं. झोंबलं तर मिठाचं माप चुकलंय किंवा पाणी गार आहे. नंतर एकेक नाकपुडी हलकेच शिंकरा. जोर लावलात तर पाणी कानाकडे जातं. कान दुखत असेल किंवा नाक पूर्ण बंद असेल तेव्हा हे करू नका. कामावरून आल्यावर दिवसातून एकदा पुरे.

खाकरण्याची सवयही मोडा. प्रत्येक खाकरण्याने स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, सूज वाढते, मग पुन्हा खाकरावंसं वाटतं. घोटभर पाणी प्या किंवा नुसता आवंढा गिळा. पुदिन्याच्या थंड गोळ्यांनी जागा बधिर होते, धूळ कमी होत नाही.

घराचं. झाडू आधी मारला तर बसलेली धूळ तासभर हवेत तरंगते, म्हणून आधी ओल्या फडक्याने पुसा, खिडकीच्या कठड्यापासून सुरुवात करून. बांधकामाकडच्या खिडक्या काम चालू असेपर्यंत बंद. मुंबईत दुपारनंतर वारा समुद्राकडून येतो. बांधकाम तुमच्या पश्चिमेला असेल तर नेमका तोच वारा धूळ घरात आणतो, पूर्वेला असेल तर पश्चिमेची खिडकी दुपारी बेलाशक उघडा. हिवाळ्यात पहाटे हवा साचलेली असते, त्या वेळी खिडक्या सताड उघडून 'ताजी हवा' घेण्यात अर्थ नाही. एसीची जाळी दर पंधरवड्याला धुवा, पण ती बारीक कण अडवते या समजात राहू नका.

बिल्डरला विचारायचं काय? महापालिकेने ऑक्टोबर 2023 मध्ये नियम काढले: भोवती किमान 25 फूट पत्रे (एक एकरपेक्षा मोठा भूखंड किंवा 70 मीटरपेक्षा उंच इमारत असेल तर 35 फूट), इमारतीला सर्व बाजूंनी हिरवं कापड किंवा ताडपत्री, पाडकामाच्या वेळी पाण्याचा फवारा, बाहेर पडणाऱ्या ट्रकची चाकं धुणं. यातलं नेमकं काय नाही ते तारीख-वेळेच्या फोटोसह लिहून 1916 वर किंवा वॉर्ड ऑफिसात द्या. 'फार धूळ येते' असं मोघम लिहिलेलं पत्र तिथेच पडून राहतं, 'उत्तरेकडे कापड नाही' असं लिहिलं तर कुणाला तरी येऊन बघावं लागतं.

हे सगळं नीट दोन आठवडे करूनही फरक नसेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा, तुमचे दोन महिने आधीच झालेत. जेवून लगेच झोपत असाल आणि सकाळी तोंड आंबट असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, आम्लपित्तही घशाला असंच चिडवतं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला आवाज, एकाच बाजूचं दुखणं, गिळताना अडकणं, मानेत गाठ किंवा थुंकीत रक्त, यातलं काही असेल तर दोन आठवडेही थांबू नका. आणि मेडिकलवाल्याकडून अँटिबायोटिक घेऊ नका, धुळीने झालेल्या खवखवीवर त्याचा काही परिणाम होत नाही.