नरडं आवळतं तेव्हा श्वास मोठा नको, सावकाश हवा

प्रश्न : मी खानापूरहून रोज बसने बेळगावला कामाला येते. गर्दीत अचानक छाती धडधडते, गळा कुणीतरी आवळल्यासारखा होतो, आवंढा गिळता येत नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तपासून सगळं ठीक आहे म्हणून सांगितलंय. घरचे म्हणतात मोठे श्वास घे, पण त्याने आणखीच गुदमरतं. काय करू?

उत्तर : अशीच तक्रार घेऊन उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लेथवर काम करणारा तरुण समुपदेशनाला आला होता. त्याचे शब्द होते, "नरडं आवळतंय बगा, आता श्वासच थांबतोय असं वाटतंय." (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) असा पॅनिकचा, म्हणजे अचानक घबराटीचा, झटका आला की तो मशीन बंद करून बाहेर धावायचा, बाटलीभर पाणी प्यायचा आणि गळा मोकळा झाला का हे बघायला पुन्हा पुन्हा आवंढा गिळायचा.

त्याला खुर्चीत बसवून पाणी न पिता लागोपाठ सहा वेळा गिळायला सांगितलं. चौथ्यालाच तो अडला. तोंडात लाळ उरली नाही की कुणाचंही असंच होतं. घाबरल्यावर तोंड कोरडं पडतं, त्यात आपण तोंडाने श्वास घेतो आणि वर गिळून बघत राहतो. म्हणजे गळा तपासता तपासता तो आणखी घट्ट करतो. आवळल्याची ही जाणीव बहुधा घशाच्या आणि अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेल्या स्नायूंच्या ताणाची असते. श्वासनलिका मोकळीच असते, पण दोन्ही अगदी शेजारी असल्याने हवाच अडली असं वाटतं.

मोठ्या श्वासाने त्रास का वाढतो, तेही त्याच्याबाबत दिसलं. झटक्याबद्दल नुसतं बोलताना त्याचे श्वास मिनिटाला चोविसाच्या घरात गेले, तेही खांदे उचलून. गरजेपेक्षा जास्त हवा आत-बाहेर झाली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्याने चक्कर येते, बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात आणि गंमत म्हणजे हवा पुरत नाही असंही वाटतं. मग माणूस आणखी ओढून श्वास घेतो.

त्याला शिकवलेली पद्धत अशी. आधी दात एकमेकांपासून सुटे करायचे, जीभ खाली सैल सोडायची, खांदे पडू द्यायचे. सुरुवात श्वास घेण्याने नव्हे, सोडण्याने करायची. मग नाकाने, आवाज न करता, पोटावरचा हात जेमतेम हलेल एवढाच श्वास मनात चार मोजेपर्यंत घ्यायचा आणि सहा मोजेपर्यंत सोडायचा. मध्ये रोखायचा नाही. एक आकडा एक सेकंद धरला तर मिनिटाला सहा श्वास होतात. सोडताना तोंड मिटून हळू "म्‌" असा गुंजारव केला तर श्वास आपोआप लांबतो. बसच्या घरघरीत तो कुणाला ऐकूही जात नाही.

पहिल्या दिवशी त्याला मिनिटभरातच हवा कमी पडतेय असं वाटलं. हे अनेकांचं होतं. अशा वेळी हिसका देऊन मोठा श्वास घ्यायचा नाही, मोजणी तीन-चारवर आणायची आणि सवय झाली की वाढवायची. सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं, तेही बरं वाटत असताना, हा सराव त्याने आधी दोन आठवडे केला. झटक्यातच पहिल्यांदा करून बघणारे बहुतेक जण "याने काही होत नाही" म्हणून सोडून देतात.

झटका चढत असताना या श्वासाने तो बटण दाबल्यासारखा बंद होत नाही. झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग उतरतो. सावकाश श्वासाने त्याला खतपाणी मिळत नाही, एवढंच. गळ्याची घट्टी सगळ्यात शेवटी जाते, म्हणून "सुटला का?" असं दर क्षणी बघू नका. फारच कोरड पडली तर पाण्याचा एक छोटा घोट पुरे. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय मात्र करू नका. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा निघाला तर तो धोक्याचा ठरतो.

त्या तरुणाने पुढची पायरी म्हणून झटका आला तरी मशीनजवळच बसून राहायचं ठरवलं. तुमच्यासाठी ती पायरी म्हणजे मधल्याच थांब्यावर न उतरणं. सहा आठवड्यांनी त्याला झटका येत होता, पण क्वचित, आणि तो बाहेर धावत नव्हता.

ओठ-जीभ सुजणं, अंगावर गांध्या उठणं, श्वास घेताना घर्र आवाज येणं किंवा छातीतली कळ हाताकडे जाणं हे पॅनिक समजू नका, लगेच 108 ला फोन करा. घन अन्न अडकणं, वजन घटणं किंवा तीन आठवड्यांहून जास्त आवाज बसलेला राहणं असेल तर पुन्हा डॉक्टरांना दाखवा. झटक्याच्या भीतीने कामावर जाणंच टळू लागलं तर श्वासाच्या सरावावर थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञांकडे बोलण्याचे उपचार आणि औषधं दोन्ही आहेत. धारवाडची डिमहान्स ही सरकारी संस्था तुम्हाला जवळ आहे आणि 14416 या टेली-मानस क्रमांकावर मोफत बोलता येतं.