३२२ की ३३२?

राजारामपुरीतल्या दुकानात काढलेला तुझा बिस्किटाच्या पुड्याचा फोटो पाहिला. त्यावरच्या घटकांच्या यादीच्या भाषांतरात तू "इमल्सिफायर (३३२)" लिहिलंयस. कंसातला आकडा म्हणजे त्या घटकाचा क्रमांक. पुड्याच्या घडीवर आकडा चमकलाय, म्हणून घोटाळा झाला. ३३२ म्हणजे पोटॅशियम सायट्रेट, ते आम्लता नियंत्रक. इमल्सिफायर असेल तर तो ३२२, म्हणजे लेसिथिन, आणि ते बहुतेक वेळा सोयाबीनचं असतं. खालच्या ओळीत "सोया आहे" असं छापलंय, तेही याच्याशी जुळतं. तरी अंदाजावर आकडा बदलू नकोस. पुडा सपाट धरून, तिरप्या उजेडात पुन्हा फोटो घे. आकड्याआधी लिहिलेलं घटकाचं काम आणि आकडा जुळतात का, हे दर वेळी बघत जा.

दुसरं, "ट्री नट्स"ला तू सुकामेवा म्हटलंस. सुकामेव्यात मनुका, खारीकही येतात. "काजू, बदाम, अक्रोड यांसारखी कवचाची फळं" असं लिही. शेंगदाणा त्यात धरू नकोस. आणि "मे कंटेन"चं "आहे" करू नकोस, "अंश असू शकतो" एवढंच लिही. पण ती ओळ गाळायची मात्र नाही. ज्याला ॲलर्जी आहे, तो आधी तीच शोधतो.